पाचवा दिवस कुठे गेला?

'हा निवेदक विश्वासार्ह आहे का?' असा प्रश्न बी.ए.च्या वर्गात फळ्यावर लिहिला की उत्तर लगेच येतं. 'नाही.' त्यापुढे कुणाला काही बोलायचं उरत नाही, कारण उत्तर प्रश्नातच दडलेलं असतं. निवेदक सरळ असता तर बाईंनी हे विचारलंच कशाला असतं? मग गाइडमधली व्याख्या वहीत उतरते आणि पुस्तक न उघडता तास संपतो. साहित्याच्या वर्गात चर्चेसाठी कोणते प्रश्न द्यावेत हे समजून घ्यायचं, तर सुरुवात या फसणाऱ्या प्रश्नापासून करावी लागते. त्यासाठी मी एकच कादंबरी घेते, कारण असे प्रश्न कुठल्याही पुस्तकाला लावता येतील असे घडवता येत नाहीत. ते त्या त्या पुस्तकाच्या पानांतूनच निघावे लागतात.

कादंबरी आहे काझुओ इशिगुरो यांची 'द रिमेन्स ऑफ द डे'. इशिगुरो यांचा जन्म १९५४ साली नागासाकीत झाला, पण पाच वर्षांचे असल्यापासून ते इंग्लंडमध्ये वाढले आणि इंग्रजीतच लिहितात. ही कादंबरी १९८९ साली आली, त्याच वर्षी तिला बुकर पारितोषिक मिळालं. २०१७ साली त्यांना नोबेल मिळालं, तेव्हा अनेकांनी पहिलं नाव याच पुस्तकाचं घेतलं. इंग्रजी साहित्याच्या वर्गासाठी ती सोयीची आहे. आकाराने छोटी, भाषा स्वच्छ, आणि गोष्ट वरवर पाहता अगदी साधी.

डार्लिंग्टन हॉल नावाचा एक मोठा वाडा आहे. स्टीव्हन्स हा तिथला बटलर, म्हणजे घरातल्या सगळ्या नोकरांचा प्रमुख. त्याची सारी उमेद लॉर्ड डार्लिंग्टन यांच्या सेवेत गेली. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात या लॉर्डसाहेबांनी जर्मनीशी मैत्री व्हावी म्हणून पडद्यामागून खटपट केली आणि पुढे ते नाझींचे पाठीराखे म्हणून बदनाम झाले. आता ते हयात नाहीत आणि वाडा फॅरडे नावाच्या एका अमेरिकन माणसाने घेतला आहे. जुलै १९५६ मध्ये स्टीव्हन्स नव्या मालकाची फोर्ड गाडी घेऊन इंग्लंडच्या पश्चिमेकडे निघतो. वीस वर्षांपूर्वी लग्न करून वाडा सोडून गेलेली हाउसकीपर मिस केंटन हिला त्याला भेटायचं आहे. तिचं पत्र आलंय, तिला बहुधा कामावर परतायचं असावं आणि वाड्यात माणसांची कमतरता आहे, असं तो सांगतो. संपूर्ण गोष्ट तो स्वतः 'मी' म्हणून सांगतो. दुसरा कुणाचाही आवाज थेट आपल्यापर्यंत पोहोचत नाही.

अशा निवेदकाला 'अविश्वसनीय निवेदक' म्हणण्याची पद्धत अमेरिकन समीक्षक वेन बूथ यांनी १९६१ साली 'द ऱ्हेटरिक ऑफ फिक्शन' या ग्रंथात घालून दिली. पुस्तकाच्या एकूण घडणीतून जी मूल्यं जाणवतात, त्यांच्याशी निवेदकाचं बोलणं जुळत नसेल तर तो अविश्वसनीय, असं बूथ यांचं म्हणणं. इथे एक गोष्ट सहज निसटते. बूथ यांना फक्त खोटं बोलणारा माणूस अभिप्रेत नव्हता. एकही गोष्ट खोटी न सांगता निवेदक अविश्वसनीय असू शकतो. वर्गात हा भेद व्याख्येने समजावता येत नाही, पण एका पानावर बोट ठेवून दाखवता येतो. म्हणून ही संज्ञा मी शेवटपर्यंत बाजूला ठेवते आणि एका बंद दारापासून सुरुवात करते.

स्टीव्हन्सला एक प्रसंग आठवतो. मागच्या बोळात मिस केंटनच्या खोलीच्या बंद दाराबाहेर तो उभा आहे. आत ती रडते आहे, याची त्याला खात्री आहे. तिची मावशी वारल्याची बातमी आली, त्या दिवसाची ही आठवण, असं तो आधी धरून चालतो. मावशी तिला आईसारखीच होती, तेव्हा रडण्याचं कारणही समोर आहे. पुढे तो स्वतःच म्हणतो की आपला काहीतरी घोळ झालेला दिसतो. ही आठवण मावशीच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी आलेल्या एका संध्याकाळची असावी. त्या संध्याकाळी वाड्यात ब्रिटनचे पंतप्रधान आणि जर्मन राजदूत यांची गुप्त भेट चालू होती. त्याच संध्याकाळी मिस केंटन बाहेर जाऊन आली आणि एका गृहस्थाने घातलेली लग्नाची मागणी आपण स्वीकारली आहे, असं तिने स्टीव्हन्सला सांगितलं.

या प्रसंगावर मी पहिला प्रश्न देते तो असा: स्टीव्हन्स कोणती आठवण चुकीच्या ठिकाणी ठेवतो, आणि त्या चुकीमुळे मिस केंटनच्या रडण्याचं कारण कसं बदलतं? पुस्तक न वाचलेल्याला याचं उत्तर देता येत नाही, आणि वाचलेल्याला मागे जाऊन पान शोधावं लागतं. पण उत्तर हाती येताच वर्गातलं वातावरण बदलतं. मावशीसाठी रडणारी बाई आणि एका माणसाने आपल्याला अडवलं नाही म्हणून रडणारी बाई, यांत फार अंतर आहे. पहिल्या रडण्याशी स्टीव्हन्सचा काही संबंध नाही. दुसऱ्या रडण्याचं कारण तोच आहे. वीस वर्षं त्याने ही आठवण अशा जागी ठेवली, जिथे ती त्याला टोचणार नाही.

लगोलग दुसरा प्रश्न येतो: ही चूक कुणी पकडली? बरेच विद्यार्थी सांगतात, 'आपण पकडली.' पुस्तक उघडलं की कळतं, स्टीव्हन्सने स्वतःच पकडली आहे. लपवणारा माणूस स्वतःची दुरुस्ती कशाला करेल? त्याला अविश्वसनीय म्हणायचं तर नेमकं कशासाठी? अशी आणखी एक जागा कादंबरीत आधी येऊन गेलेली असते. म्हाताऱ्या वडिलांच्या हातून कामात चुका होऊ लागल्या होत्या. चूक दिसायला क्षुल्लक असली तरी तिचा अर्थ मोठा असतो, अशा आशयाचं एक वाक्य तो मिस केंटनच्या तोंडी घालतो. थोड्याच वेळात त्याला वाटतं की हे ती बोलली नसेल, लॉर्ड डार्लिंग्टन बोलले असतील. वडिलांबद्दलचं कठोर वाक्य मालकाच्या तोंडून ऐकणं जड होतं म्हणून आठवणीने बोलणारा बदलला, असा अर्थ काही मुलं लावतात. काहींना वाटतं, त्याच्या मनात मिस केंटन आणि मालक हे दोन अधिकाराचे आवाज एकमेकांत मिसळले आहेत. दोन्ही अर्थ पानावरून सांभाळता येतात आणि मी दोन्ही उभे राहू देते.

विद्यार्थ्यांना एक हत्यार द्यायची वेळ इथे येते. जेम्स फेलन आणि मेरी पॅट्रिशिया मार्टिन या अभ्यासकांनी १९९९ साली नेमक्या याच कादंबरीवर एक निबंध लिहिला. निवेदक तीन कामं करत असतो, असं ते म्हणतात. काय घडलं ते सांगतो, घडलेल्याचा अर्थ लावतो, आणि ते बरं की वाईट हे ठरवतो. या तिन्ही ठिकाणी तो चुकू शकतो किंवा कमी पडू शकतो. म्हणजे चुकीचं सांगणं वेगळं आणि अर्धवट सांगणं वेगळं. अर्थ आणि मूल्य यांच्या बाबतीतही तसंच. हा तक्ता मी फळ्यावर काढत नाही. काढला की मुलं डब्यात माणसं भरू लागतात. पण प्रश्न घडवताना तो माझ्या डोक्यात असतो, कारण त्यामुळे 'स्टीव्हन्स खोटारडा आहे' हे सैल विधान लगेच तुटतं. तारखा, माणसं, चांदीची भांडी, कोण कुठे बसलं होतं, हे तो बहुतेक नीट सांगतो. अर्थ लावताना मात्र तो अडखळतो. आणि मूल्य ठरवताना तर त्याच्याकडे जवळजवळ मालकाचीच फूटपट्टी असते.

मूल्याच्या चुकीसाठी १९३२ सालचा प्रसंग घ्यावा लागतो. एका बाईच्या प्रभावाखाली येऊन लॉर्ड डार्लिंग्टन घरातल्या दोन ज्यू मोलकरणींना काढून टाकायला सांगतात. मिस केंटन संतापते, आपणही नोकरी सोडू म्हणते, पण जायला दुसरी जागा नसल्याने राहते आणि त्याची लाज बाळगते. स्टीव्हन्स हुकूम बजावतो. वर्षभराहून जास्त काळ लोटल्यावर मालकांना पश्चात्ताप होतो, आणि तेव्हा स्टीव्हन्स मिस केंटनला सांगतो की त्यालाही त्या वेळी वाईट वाटलं होतं. हे तेव्हाच सांगितलं असतं तर मला किती आधार झाला असता, असं ती म्हणते. इथे विचारायचा प्रश्न: स्टीव्हन्सला त्या वेळी खरंच वाईट वाटलं होतं, हे कशावरून म्हणायचं? त्या दिवसाचं त्याचं कथन पुन्हा वाचा आणि त्यात दुःखाची एखादी खूण सापडते का पाहा. या प्रश्नावर वर्गात खडाजंगी होते. एक बाजू म्हणते, त्याला काहीच वाटलं नव्हतं, मालक बदलले तसा तोही बदलला. दुसरी बाजू म्हणते, वाटलं होतं, पण ज्याला भावना दाखवणं म्हणजे अंगावरचा गणवेश उतरवणं वाटतं, त्याच्या कथनात खूण सापडणार कशी? हा दुसरा युक्तिवाद आकर्षक आहे, पण त्यात धोका आहे. पुरावा नसणं हाच पुरावा मानला, तर कुठल्याही निवेदकाबद्दल काहीही सिद्ध करता येईल. त्यामुळे या बाजूच्या मुलांना मी आणखी एक काम देते. भावना त्याच्याकडून न येता दुसऱ्या कुणाकडून कळते, अशी जागा शोधून आणा.

अशी जागा आहे, आणि ती सापडते तेव्हा मला स्वतःला अजूनही आनंद होतो. मार्च १९२३ मध्ये वाड्यात आंतरराष्ट्रीय परिषद भरली आहे. वरच्या छोट्या खोलीत स्टीव्हन्सचे वडील शेवटच्या घटका मोजत आहेत आणि खाली तो पाहुण्यांना वाइन देत फिरतो आहे. त्याच्या मनात काय चाललंय याबद्दल तो एक अक्षर सांगत नाही. पण एक तरुण पाहुणा त्याला विचारतो, तुझी तब्येत बरी आहे ना? थोड्या वेळाने मालकही विचारतात आणि म्हणतात, तू रडतोयस की काय असं वाटतंय. स्टीव्हन्स हसतो, रुमालाने चेहरा पुसतो आणि दिवसभराच्या श्रमावर ढकलून देतो. तो रडला, हे आपल्याला इतरांच्या तोंडून कळतं, आणि इतरांचं ते बोलणंही तोच इमानाने नोंदवतो. यावरचा प्रश्न सोपा ठेवावा: या पानावरच्या कोणकोणत्या गोष्टी तुम्हाला स्टीव्हन्सकडून कळतात, आणि कोणत्या इतरांच्या बोलण्यातून? दोन रंगांच्या पेन्सिलींनी खुणा करायला सांगितलं की ज्यांनी कधी समीक्षा वाचली नाही तेही हे काम नेमकं करतात. निवेदक स्वतःविरुद्ध पुरावा कसा देऊन जातो, हे त्यांना स्वतःच्या हातून दिसतं.

त्या रात्रीचं कथन संपवताना स्टीव्हन्स म्हणतो की ती रात्र आठवली की त्याला मोठी विजयाची भावना येते. आता पुन्हा बंद दाराकडे या. त्या दुसऱ्या रात्री, मिस केंटनच्या दारावरून पुढे जाऊन दिवाणखान्याबाहेर उभा असतानाही त्याच्या मनात विजयाचीच भावना दाटून आली होती, असं तो सांगतो. एका रात्री वडील गेले, दुसऱ्या रात्री ती गेली, आणि दोन्ही रात्रींना तो एकच नाव देतो. याचा प्रश्न करावा लागत नाही. दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचायला दिली की प्रश्न मुलंच विचारतात.

इथून चर्चा रचनेकडे वळते, कारण हे दोन प्रसंग एकमेकांपासून दूर ठेवणं हा लेखकाचा निर्णय आहे. निवेदकाची विश्वासार्हता आणि कादंबरीची रचना हे अभ्यासक्रमात दोन मुद्दे म्हणून येतात, आणि बहुतेक वर्गांत दोन वेगळ्या तासांना शिकवले जातात. मला ते चूक वाटतं. निवेदक एकटाच बोलत असतो तेव्हा त्याला तपासायला दुसरा साक्षीदार लागतो, आणि रचना हाच तो साक्षीदार असतो. स्टीव्हन्सला शब्दांवर ताबा आहे. पण प्रकरणांच्या मथळ्यांवर त्याचं लक्ष तितकं नाही.

हे मथळे वाचून पाहायला सांगावं. आरंभी प्रस्तावनेसारखं एक प्रकरण, जुलै १९५६, डार्लिंग्टन हॉल. मग पहिल्या दिवसाची संध्याकाळ, सॉल्सबरी. दुसऱ्या दिवसाची सकाळ तिथेच, आणि दुपार डॉर्सेटमधल्या एका तळ्याकाठी. तिसऱ्या दिवसाची सकाळ टाँटनला, संध्याकाळ मॉस्कम या खेड्यात. चौथ्या दिवसाची दुपार कॉर्नवॉलमधल्या लिटल कॉम्प्टनला. आणि मग सहाव्या दिवसाची संध्याकाळ, वेमथ. पाचवा दिवस नाही.

पुस्तक आवडीने वाचलेले विद्यार्थीसुद्धा बहुधा हे पाहिलेले नसतात, कारण मथळे आपण डोळ्यांखालून नुसते घालतो. म्हणून प्रश्न 'पाचवा दिवस का नाही?' असा टाकू नये. तो टाकला की शोध आपण केला आणि अर्थ लावायचं ओझं त्यांच्यावर टाकलं, असं होतं. मी म्हणते, प्रत्येक प्रकरणासाठी तीन गोष्टींची नोंद करा. स्टीव्हन्स हे कुठे आणि कधी सांगतो आहे, त्या दिवशी प्रवासात काय घडलं, आणि सांगताना तो कोणत्या सालातल्या आठवणीत गेला. वहीत तक्ता भरता भरता कुणीतरी थांबतं आणि विचारतं, 'बाई, पान गळलंय का?'

मग खरी चर्चा सुरू होते. चौथ्या दिवशी दुपारी स्टीव्हन्स हॉटेलात बसून भेटीच्या वेळेची वाट पाहतो आहे. आपण पान उलटतो आणि भेट होऊन दोन दिवस झालेले असतात. ज्या भेटीसाठी सगळा प्रवास होता, ती घडत असताना आपण हजर नव्हतो. तिची हकिगत आपल्याला उशिरा मिळते, समुद्रकिनारी बसून, सावरलेल्या आवाजात. त्या भेटीच्या शेवटी बसची वाट पाहताना मिस केंटन कबूल करते की कधीकधी नवऱ्यावर रागावल्यावर तिला वाटतं, स्टीव्हन्सबरोबरचं एखादं आयुष्य आपलं झालं असतं. हे ऐकून काळीज फाटत होतं, हे स्टीव्हन्स आपल्याला सांगतो. एवढं उघड तो कादंबरीत पूर्वी कधी बोललेला नसतो. पण तिला तो वेगळंच काहीतरी सौजन्याचं बोलतो. पाचव्या दिवशी तो काय करत होता, हे पुस्तक सांगत नाही. वेमथला तो त्या दिवशी पोहोचला होता, आणि तिथे मुक्काम एका रात्रीने वाढवला, एवढं कळतं. जो माणूस तळ्याकाठी थांबलो तरी पानभर बोलतो, त्याच्याकडे त्या दिवसापुरते शब्द नव्हते. काही विद्यार्थी म्हणतात, तो दिवस तो रडला असेल. मी त्यांना म्हणते, 'असेल' इथे चालणार नाही. रिकामी जागा आहे एवढं म्हणा, तिच्या अलीकडचं आणि पलीकडचं बोलणं कसं वेगळं आहे ते दाखवा, आणि तिथे थांबा.

रचनेवरचा माझा आवडता प्रश्न पत्राबद्दलचा आहे. मिस केंटनला परत यायचं आहे, असं स्टीव्हन्स सुरुवातीपासून सांगतो. कोणत्या प्रकरणात किती खात्रीने सांगतो, ते क्रमाने लिहा. घरून निघताना खात्री भक्कम असते. मधल्या टप्प्यावर पत्र पुन्हा वाचताना तो मान्य करतो की परत यायची इच्छा स्पष्ट दाखवणारं एकही वाक्य त्यात बोट ठेवून दाखवता येत नाही. शेवटी ती भेटते आणि परत येण्याचा विचार तिच्या मनात नाही, हे कळतं. कादंबरी आठवणींमध्ये मागे मागे जात असताना वर्तमानातली ही रेघ मात्र एकाच दिशेने सरकते. लेखकाने प्रवासाचे दिवस का आखून दिले, याचं उत्तर इथे मिळतं. सगळी गोष्ट घरी परतल्यावर एका बैठकीत सांगितली असती, तर शेवट माहीत असलेल्या स्टीव्हन्सने पत्राचा अर्थ पहिल्याच पानावर दुरुस्त केला असता. आपण त्याला चुकताना पाहतो, कारण बोलतो त्या क्षणी पुढचं त्यालाही माहीत नसतं. यावरून एक चांगला जोडप्रश्न निघतो: ही डायरी आहे का? तो लिहितो आहे की मनात बोलतो आहे? आणि 'तुम्ही' म्हणून तो कुणाशी बोलतो? त्याच्या बोलण्यावरून ऐकणाऱ्याला बटलरच्या धंद्याची, थोर घराण्यांची माहिती आहे असं तो गृहीत धरतो. म्हणजे आपल्यासारख्याच कुणा नोकराशी तो बोलतो आहे. व्यवसायातल्या माणसासमोर माणूस काय सांगतो आणि काय गाळतो, याचा विचार मुलांनी केला की आधीच्या सगळ्या पानांवर नवा उजेड पडतो.

सगळेच हुशार वाटणारे प्रश्न कामाचे नसतात, हेही सांगायला हवं. जुलै १९५६ या तारखेवरून एक प्रश्न हमखास सुचतो. त्याच महिन्याच्या २६ तारखेला नासर यांनी सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं आणि ब्रिटनच्या साम्राज्याला मोठा तडा गेला. कादंबरीत सुएझचा उल्लेख नाही. मग हे मौन हेतुपूर्वक आहे का? प्रश्न भारदस्त आहे, पण स्टीव्हन्सचा प्रवास महिन्याच्या कोणत्या तारखांना झाला हे पुस्तक सांगत नाही. त्यामुळे हा प्रश्न निवेदकाच्या विश्वासार्हतेखाली घालू नये. त्याला जी बातमी माहीत होती की नाही तेच आपल्याला ठाऊक नाही, ती त्याने दडवली असा आरोप करता येणार नाही. लेखकाने हेच साल का निवडलं असेल, असा प्रश्न मात्र रास्त आहे. निवेदकाचं मौन आणि लेखकाची निवड या दोन गोष्टी विद्यार्थी सतत एकत्र करतात. उत्तरपत्रिकेत 'स्टीव्हन्सने पाचवा दिवस वगळून वाचकाला धक्का दिला' असं वाक्य आलं की समजावं, इथे गोंधळ झाला आहे. धक्का इशिगुरोंनी दिला आहे. स्टीव्हन्सच्या हातात फक्त बोलणं किंवा न बोलणं आहे.

दुसरी अडचण उलट बाजूने येते. एकदा संशय घ्यायची सवय लागली की मुलं प्रत्येक वाक्य खोटं ठरवू लागतात. स्टीव्हन्स दोन ठिकाणी खरोखर खोटं बोलतो. वाड्यात आलेल्या एका अमेरिकन पाहुणीला तो भासवतो की त्याने लॉर्ड डार्लिंग्टन यांच्याकडे नोकरी केलेली नाही, आणि प्रवासात भेटलेल्या एका ड्रायव्हरलाही तेच सांगतो. पण ही दोन्ही खोटं त्यानेच आपल्याला सांगितली आहेत. मॉस्कममध्ये गावकरी त्याला बडा साहेब समजतात आणि तो गैरसमज दूर करत नाही, हेही तोच सांगतो. इथला उपयोगी प्रश्न: तो इतरांशी खोटं बोलतो तेव्हा आपल्याशी कसा वागतो? उत्तर शोधताना कळतं की आपल्यासमोर तो कारणं देतो, लांबलचक कारणं. अप्रिय गोष्टी टाळण्याचा सोपा मार्ग म्हणून खोटं बोललो, असं तो म्हणतो. मालकाची लाज वाटली, असं म्हणत नाही. घटना पूर्ण सांगून कारण अर्धं सांगणं, ही त्याची खरी रीत आहे.

तास शिल्लक असेल तर १९९३ सालचा चित्रपट उपयोगी पडतो. त्याच्या निर्मात्यांपैकी इस्माइल मर्चंट मुंबईचे, पटकथा रूथ प्रावर झाबवाला यांची, आणि स्टीव्हन्सच्या भूमिकेत अँथनी हॉपकिन्स. पुस्तकाऐवजी चित्रपट पाहून आलेला विद्यार्थी ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे तेच बंद दार. चित्रपटात स्टीव्हन्स दार उघडून आत जातो, मिस केंटन खरोखर रडताना दिसते, आणि तो तिच्याशी एका कोनाड्यातल्या धुळीबद्दल बोलतो. प्रसंग ताकदीचा आहे. पण कादंबरीत दार उघडतच नाही. ती रडत होती की नाही हे आपण पाहिलेलं नाही, आपल्याकडे फक्त बाहेर उभ्या असलेल्या माणसाची खात्री आहे. कॅमेऱ्याला आत जाता आलं, त्याने काय मिळालं आणि काय गेलं, हा प्रश्न लेखी निबंधासाठी द्यावा. त्याला वर्गातली दहा मिनिटं पुरत नाहीत.

शेवटचा प्रश्न वेमथच्या धक्क्यावरचा. संध्याकाळी बाकावर एक अनोळखी निवृत्त माणूस भेटतो, आणि स्टीव्हन्स त्याला सांगतो की लॉर्डसाहेबांनी निदान स्वतःच्या चुका स्वतः केल्या. मला तर तेवढंही म्हणता येत नाही. तो माणूस त्याला रुमाल देऊ करतो, म्हणजे पुन्हा एकदा अश्रू दुसऱ्याकडून कळतात. यानंतर काही पानांतच स्टीव्हन्स ठरवतो की नव्या अमेरिकन मालकाला आवडते तशी थट्टामस्करी करायला आपण नेटाने शिकायचं. प्रश्न असा: हा माणूस बदलला का? बदलला म्हणणारे धक्क्यावरचं बोलणं दाखवतात, कारण तिथे त्याने पहिल्यांदा घटनेबरोबर कारणही पूर्ण सांगितलं. नाही म्हणणारे थट्टेचा निश्चय दाखवतात. एक मालक गेला, दुसरा आला, आणि नोकर पुन्हा त्याच्या आवडीच्या मापाने स्वतःला बेतू लागला. तिसरा गट नेहमी छोटा असतो. तो म्हणतो, थट्टा जमायला समोरच्या माणसाजवळ जावं लागतं, आणि हे त्याने आयुष्यात कधी केलेलं नाही. तिघांनाही मी एकच अट घालते. तुमच्या विरुद्ध जाणारं सर्वांत अडचणीचं वाक्य त्याच प्रकरणातून शोधा, आणि उत्तराची सुरुवात त्या वाक्यापासून करा.